घडीच्या कागदावरची छिद्रं, आरसा आणि लपलेली आकृती (नवोदय, पाचवी)

अनघा_संगमनेर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पाचवीत आहे आणि नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न, ५० गुण आणि त्याला ६० मिनिटं. आकृतीमाला, वेगळी आकृती ओळखा, समसंबंध हे तिला छान जमतं. पण तीन प्रकारांत ती अडकते: घडी घालून छिद्र पाडलेला कागद, आरशातली प्रतिमा आणि आकृतीत लपलेली आकृती. सरावाच्या पुस्तकांत प्रत्येक प्रकाराचे चार-चार प्रश्न येतात, म्हणजे चाळीसातले बारा. त्यांतले सहा-सात दर वेळी जातात.

आळस म्हणावा तर तसं नाही. ती एकेका प्रश्नावर तीन-तीन मिनिटं बसते. मी तिच्या चुका वहीत लिहून ठेवल्या, त्यातली एक सांगते. चौकोनी कागद. आधी डावी अर्धी बाजू उजवीकडे आणून घडी. मग उजवीकडची कड मधल्या रेघेवर आणून पुन्हा घडी. कागदाची एक उभी पट्टी उरते. तिच्यात डाव्या कडेजवळ एक छिद्र. उलगडल्यावर कागद कसा दिसेल? तिने तीन छिद्रं काढली. मी विचारलं, चौथं कुठे गेलं? तर म्हणाली, "आई, ते कागदाच्या बाहेर जातंय."

क्लासमध्ये सांगितलंय की घड्या मोजा आणि दुप्पट करत जा. त्याने चार हा आकडा मिळतो, पण चारही छिद्रं कुठे येणार ते कसं शोधायचं? कोणी मुलांना हे शिकवलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रथमेश_परभणी

ताई, मी एसएससी आणि पोलीस भरतीची तयारी करतो, हे प्रश्न रोजचे आहेत. क्लासमध्ये सांगितलंय ते बरोबर आहे. एक घडी म्हणजे दोन छिद्रं, दोन घड्या म्हणजे चार, तीन घड्या म्हणजे आठ. पर्यायांत चार छिद्रं असलेल्या आकृत्या शोधायच्या, बाकीच्या खोडायच्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच उत्तर मिळतं. कुठली घडी आधी उघडायची याचा फार विचार करू नका, फरक पडत नाही. मी करून बघितलंय.

जुनाखडू

अनघाताई, तुमच्या मुलीचं "कागदाच्या बाहेर जातंय" हे वाक्य फार मोलाचं आहे. तिला आरसा कळलेला आहे, फक्त घड्या उलट्या क्रमाने उघडायच्या हे कळलेलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं मुलांना शिष्यवृत्तीसाठी बसवलं. ही चूक दर वर्षी दोन-तीन मुलं तरी करत.

आजच संध्याकाळी ८ सेंमी बाजूचा चौकोनी कागद कापा आणि मोजपट्टी घेऊन तिच्याबरोबर बसा. अंतरं डाव्या कडेपासून मोजायची. पहिल्या घडीची रेघ ४ सेंमीवर येते. उजवी कड त्या रेघेवर आणली की दुसऱ्या घडीची रेघ ६ सेंमीवर येते. आता समोर ४ ते ६ सेंमीच्या मधली पट्टी उरली, तिला चार थर. तिच्या डाव्या कडेपासून अर्धा सेंमी आत, म्हणजे ४.५ वर छिद्र पाडा.

उलगडताना शेवटी घातलेली घडी आधी उघडायची. तिची रेघ ६ वर आहे. छिद्र या रेघेच्या दीड सेंमी अलीकडे आहे, म्हणून त्याचं जोडीदार छिद्र दीड सेंमी पलीकडे, ७.५ वर. आता छिद्रं दोन झाली, ४.५ आणि ७.५. मग पहिली घडी उघडायची, रेघ ४ वर. ४.५ चं छिद्र रेघेपासून अर्धा सेंमी दूर, त्याचं जोडीदार ३.५ वर. ७.५ चं साडेतीन सेंमी दूर, त्याचं जोडीदार ०.५ वर. चार छिद्रं: ०.५, ३.५, ४.५, ७.५. दोन मधल्या रेघेला बिलगून आणि एकेक दोन्ही कडांना. अंतरं समान नाहीत, आणि चुकीच्या पर्यायात नेमकी समान अंतरावरची चार छिद्रं दिलेली असतात.

तुमच्या मुलीने काय केलं असेल ते बघा. तिने पहिली घडी आधी उघडली. ४.५ चं ३.५ झालं. मग ६ च्या रेघेवर आरसा धरला. ४.५ चं ७.५ झालं, ३.५ चं ८.५ झालं. कागद ८ सेंमीचा आहे, म्हणून ते बाहेर गेलं. तिने प्रामाणिकपणे तीनच काढली. आरसा बरोबर, क्रम उलटा.

तिला एवढंच सांगा की घडी उघडणं म्हणजे घडीच्या रेघेवर आरसा ठेवणं. दोन घड्या म्हणजे दोन वेळा आरसा, शेवटच्या घडीपासून मागे यायचं. छिद्र कागदाबाहेर गेलं की थांबायचं, कारण क्रम चुकलाय.

वरदा_ओरिगामी

किती छान विषय! मी पुण्यात मुलांच्या ओरिगामी कार्यशाळा घेते. घडीला कागद पातळ आणि ताठ हवा. फोटोकॉपीचा कागद तीन घड्यांपर्यंत ठीक, कार्डशीट अजिबात घेऊ नका, घडीची रेघ तुटते. १५ सेंमीचे रंगीत चौकोन मिळतात, एक बाजू रंगीत आणि एक पांढरी, ते उत्तम. बगळा आणि बेडूक या दोन घड्यांपासून सुरुवात करा. मुलीला कोणता प्राणी करायचा आहे?

अनघा_संगमनेर

वरदाताई, प्राणी नाही करायचे हो, परीक्षेतले चित्रांचे प्रश्न आहेत. घडीची चित्रं छापलेली असतात, कागद हातात नसतो. पण एक बाजू रंगीत असलेल्या कागदाची कल्पना मला आवडली. घडी घातल्यावर कुठला भाग उलटा वर आलाय ते रंगावरून लगेच दिसेल.

जुनाखडू सर, तुमचं उत्तर वाचून आम्ही दोघी लगेच कागद घेऊन बसलो. अगदी ३.५ आणि ०.५ वरच छिद्रं आली. तिने तीन वेळा मोजून बघितलं.

वरदा_ओरिगामी

अरे हो, मी शीर्षक नीट वाचलं नाही, क्षमस्व. मग आणखी एक सुचवते, बटर पेपर घ्या. त्यातून खालचे थर अंधूक दिसतात. घडी घातल्यावर छिद्राच्या जागी पेनने ठिपका द्यायचा आणि खालच्या थरांवर त्याच जागी ठिपके द्यायचे. छिद्र पाडण्याआधीच मुलीला थर मोजता येतील.

प्रथमेश_परभणी

जुनाखडू सर, मी तुमचा प्रश्न करून पाहिला, बरोबर आहे. पण मी काल एक उभी आणि एक आडवी घडी असलेले दहा प्रश्न दोन्ही क्रमांनी सोडवले. दहाही वेळा तेच उत्तर आलं. मग क्रम महत्त्वाचा कसा?

जुनाखडू

प्रथमेश, तुझं निरीक्षण खरं आहे. दोन्ही घड्या मधोमध असतील, एक उभी आणि एक आडवी, तर क्रमाने फरक पडत नाही. छिद्र उजवीकडे आणि वर असेल तर आधी डावीकडे नेलं काय किंवा आधी खाली नेलं काय, शेवटी चार कोपऱ्यांत चारच जागा भरतात. असे प्रश्न जास्त येतात, म्हणून क्रम नसतोच असं मुलांना वाटायला लागतं. मग एकाच दिशेच्या दोन घड्यांचा प्रश्न आला की चूक होते.

दुप्पट करण्याचा नियमही असाच अर्धा आहे. समज कागदाचे सोळा समान चौकोन पाडलेत, चार उभे रकाने आणि चार आडव्या ओळी. पहिली घडी अर्ध्यात नाही, फक्त डावीकडचा पहिला रकाना दुमडून दुसऱ्यावर आणला. दुसरी घडी मात्र अर्ध्यात, खालचा अर्धा कागद वर आणला. आता दोन छिद्रं पाडली. एक पहिल्या ओळीत दुसऱ्या रकान्यात, दुसरं दुसऱ्या ओळीत चौथ्या रकान्यात. तुझ्या नियमाने दोन घड्या, दोन छिद्रं, म्हणजे आठ. मोजून बघ.

पहिल्या छिद्राखाली चार थर आहेत, कारण तिथे दुमडलेला रकानाही आहे. ती चार छिद्रं पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात, अगदी वरच्या आणि अगदी खालच्या ओळीत येतात. दुसऱ्या छिद्राखाली पहिल्या घडीचा थर पोचलेलाच नाही, तिथे दोनच थर. ती दोन चौथ्या रकान्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत. एकूण सहा. आठ छिद्रांच्या पर्यायावर खूण करून मुलं पुढे जातात.

घड्या मोजायच्या नाहीत. छिद्राच्या बरोबर खाली किती थर आहेत ते मोजायचं.

प्रथमेश_परभणी

सहाच आली, सर. मान्य. पण दीड मिनिटात रकाने पाडत कसं बसायचं? एसएससीला तर तेवढाही वेळ नसतो.

जुनाखडू

रकाने फक्त सरावात पाडायचे. परीक्षेत पर्याय खोडायला मी मुलांना एकच गोष्ट सांगत असे. पहिली घडी सगळ्यात शेवटी उघडते, म्हणून ती अर्ध्यात असेल तर पूर्ण उत्तर तिच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखंच दिसलं पाहिजे. पहिली घडी उभी आणि मधोमध असेल तर प्रत्येक पर्यायाच्या मध्यावर मनात उभी रेघ ओढायची आणि डावं-उजवं जुळतं का ते बघायचं. चारातले दोन पर्याय बहुधा तिथेच जातात. मग उरलेल्या दोनांसाठीच उलगडायचं.

दुसऱ्या घडीच्या बाबतीत हे पूर्ण कागदाला लावू नये. वरच्या पट्टीच्या प्रश्नात ६ सेंमीची रेघ फक्त उजव्या अर्ध्या कागदाचा आरसा आहे, सगळ्या कागदाचा नाही.

मिलिंद_ठाणे

आरशाच्या प्रश्नांबद्दल कोणी बोललंच नाही. मी बँकेच्या परीक्षा दिल्या तेव्हा घड्याळाचे प्रश्न असायचे. आरशातली वेळ काढायची असेल तर दिलेली वेळ ११:६० मधून वजा करायची. ४:२० असेल तर ७:४०. पाण्यातली प्रतिमा असेल तर १८:३० मधून वजा करायची. ४:२० असेल तर १४:१०, म्हणजे २:१०. दोन सूत्रं पाठ केली की काम झालं. मुलीला आत्ताच पाठ करून द्या.

नकाशावाला

मिलिंदराव, पहिलं सूत्र पक्कं आहे. वेळ १२ ते १ च्या मधली असेल तेव्हा फक्त २३:६० मधून वजा करावं लागतं, म्हणजे १२:२५ चं ११:३५. दुसऱ्या सूत्राबद्दल मात्र एकदा काटे काढून बघा.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपर उलटा करून नकाशा काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून मला सूत्रापेक्षा रेघेवर जास्त भरवसा वाटतो. ४:२० ला मिनिट काटा ४ वर आणि तास काटा ४ च्या थोडा पुढे असतो. घड्याळ पाण्यात पाहा, म्हणजे वरचं खाली करा. मिनिट काटा २ वर येतो, म्हणजे १० मिनिटं, इथपर्यंत ठीक. तास काटा मात्र २ च्या थोडा अलीकडे येतो. २:१० वाजता तो २ च्या थोडा पलीकडे असायला हवा. फरक १५ अंशांचा, म्हणजे अर्ध्या तासाचा. पाण्यातलं घड्याळ अशी स्थिती दाखवतं जी खऱ्या घड्याळात कधीच येत नाही. आरशातलं घड्याळ तसं नाही, ते नेहमी खरीच वेळ दाखवतं.

उत्तराच्या पर्यायांत आकडेच दिले असतील तर तुमचं सूत्र वापरून खूण करावी लागेल. पण चित्रांचे पर्याय असतील तर २:१० चं खरं घड्याळ निवडणारा चुकेल.

मिलिंद_ठाणे

काढून पाहिलं. खरंच तास काटा २ च्या अलीकडे पडतो. इतकी वर्षं सूत्र वापरलं, पण काटे कधी काढले नव्हते. धन्यवाद.

अनघा_संगमनेर

नकाशावाला काका, तिचा घोळ घड्याळाच्याही आधीचा आहे. आरसा आकृतीच्या उजवीकडे काढलेला असेल तर बरोबर करते. डावीकडे किंवा वर असेल तर गोंधळते. वर आरसा असला की "पाणी तर खाली असतं" म्हणते.

नकाशावाला

तिला पाणी, डावं, उजवं हे सगळं सोडायला सांगा. एकच वाक्य द्या: आरशाजवळचं आरशाजवळच राहतं. काठीला उजवीकडे झेंडा आहे आणि आरसा उजवीकडे आहे. झेंडा आरशाला जवळ, काठी लांब. प्रतिमेतही झेंडाच आरशाला जवळ हवा, म्हणून तिथे तो काठीच्या डावीकडे येतो. आता आरसा डावीकडे ठेवा. काठी जवळ, झेंडा लांब. प्रतिमा आरशाच्या डाव्या बाजूला पडते, तिथेही काठी जवळ आणि झेंडा लांब. म्हणजे झेंडा पुन्हा काठीच्या डावीकडेच. आरसा डावीकडे असो वा उजवीकडे, प्रतिमेचा आकार एकच. वर आणि खाली यांचंही तसंच, पाण्याचं नाव घ्यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट तिरप्या रेघांची. आकृतीत कुठे तिरपं रेघाटन भरलेलं असेल तर आधी तेच बघायचं. उजवीकडे वर चढणारी रेघ उभ्या आरशात डावीकडे वर चढते, आणि आडव्या आरशातही डावीकडेच वर चढते. दोन्ही आरशांत तिचा कल बदलतो. पण आकृती अर्धा फेरा फिरवली तर तो बदलत नाही. चार पर्यायांत एक-दोन नुसते फिरवलेले असतात, ते रेघाटनावरून एका नजरेत कळतात.

शब्दाची प्रतिमा असेल तर दोन कामं होतात हे तिला दाखवा. "मगर" आरशात पाहिला तर अक्षरांचा क्रम र, ग, म होतो आणि प्रत्येक अक्षरही उलटतं. म आणि ग यांचा उजवीकडचा उभा दंड डावीकडे जातो. नुसता क्रम उलटलेला "रगम" हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो आणि मुलं त्यालाच भुलतात.

आणि तपासायचं कसं? पातळ कागदावर आकृती गडद काढून पान उभ्या कडेवरून उलटा आणि खिडकीला लावा, दिसेल ती उभ्या आरशातली प्रतिमा. वरच्या कडेवरून उलटलं तर आडव्या आरशातली. तिने आधी उत्तर काढावं आणि मगच पान खिडकीला लावावं.

दिव्या_समुपदेशक

मी शाळेत समुपदेशक आहे, लपलेल्या आकृतीबद्दल लिहिते. पालक इथे एक उपाय करतात, तो फारसा चालत नाही. छोटी आकृती मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतात, घोटून घेतात, म्हणजे मोठ्या आकृतीत ती चटकन दिसेल. गॉटशाल्ट नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये हेच तपासलं होतं. काहींना साध्या आकृत्या फक्त ३ वेळा दाखवल्या, काहींना ५२०. मग त्या गुंतागुंतीच्या आकृत्यांत लपवल्या. ५२० वेळा पाहिलेल्यांना त्या सापडण्यात म्हणण्यासारखा फायदा झाला नाही.

कारण आकृती विसरली जात नाही, तिच्या रेघा दुसऱ्यांच्या होऊन जातात. त्रिकोणाची एक बाजू मोठ्या आकृतीत पुढे तशीच लांबत जाते आणि नजर त्या लांब रेघेबरोबर निघून जाते. त्रिकोण समोर असूनही दिसत नाही. म्हणून अख्खी आकृती एकदम शोधायची नाही, तिचा सगळ्यात वेगळा तुकडा शोधायचा. समजा दिलेली आकृती म्हणजे चौकोन आणि त्याच्या वरच्या कडेवर उजवीकडे कललेला त्रिकोण. चौकोन सगळ्याच पर्यायांत सापडेल, तो शोधून उपयोग नाही. उजवीकडे कललेलं टोक धरायचं. त्या कोनातून निघणाऱ्या दोन रेघा पर्यायात आहेत का? असतील तर पेन्सिलीच्या टोकाने एकेका रेघेवरून चालत जायचं आणि रेघ जिथे संपायला हवी तिथे दुसरी रेघ येऊन मिळते का ते बघायचं. मिळत नसेल तर तो पर्याय गेला. रेघ पुढे लांबली तर चालतं, मधेच तुटली तर चालत नाही.

पर्यायांत मुद्दाम ठेवलेल्या चुका मला तीन प्रकारच्या दिसतात. एकीत कललेलं टोक डावीकडे असतं, एकीत त्रिकोण छोटा असतो, एकीत एक छोटी रेघ गाळलेली असते. शेवटची सगळ्यात जास्त फसवते, कारण मन ती रेघ आपणच भरून काढतं.

अनघा_संगमनेर

दिव्याताई, आमचं भांडण नेमकं डावीकडे कललेल्या टोकावरच झालं! तिने फिरवलेली आकृती शोधून उत्तर दिलं. मी चूक दिली. मागे उत्तरसूची पाहिली तर तिचंच उत्तर बरोबर. मग आकृती फिरवायची की नाही?

प्रथमेश_परभणी

एसएससीच्या प्रश्नात स्पष्ट लिहिलेलं असतं की आकृती फिरवायची नाही. तिथे वाद नाही.

जुनाखडू

मी मुलांना नेहमी सांगितलं की सूचनेत काही लिहिलं नसेल तर आकृती जशी दिली तशीच शोधायची, त्याच मापात आणि त्याच दिशेत. तशी कुठल्याच पर्यायात सापडली नाही तरच फिरवून बघायची. अनघाताई, त्या प्रश्नात न फिरवता सापडणारा दुसरा पर्याय होता का?

अनघा_संगमनेर

नव्हता सर. दोघींनी पेन्सिलीने चारही पर्याय तपासले.

दिव्या_समुपदेशक

मला तो प्रश्नच सदोष वाटतो. फिरवणं चालतं की नाही हे मुलाला सूचनेतून कळलं पाहिजे, पर्याय संपल्यावर नाही. जुनाखडू सरांचा उपाय मोठ्यांना जमेल, पण दहा वर्षांचं मूल चारही पर्याय दोनदा तपासत बसलं तर पुढचे दोन प्रश्न राहतात.

जुनाखडू

पुस्तक सदोष असेल, मान्य. पण परीक्षेत असा प्रश्न आलाच तर मुलाच्या हातात काहीतरी पायरी हवी ना? माझं मत आधीचंच आहे. नवोदयला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून दुसऱ्या फेरीत वेळ घालवण्यापेक्षा जवळचं वाटेल ते लिहून पुढे जावं, हे मात्र तुमच्या म्हणण्याला जोडतो.

अनघा_संगमनेर

आठ दिवसांनी धागा वर काढतेय. रोज चार घड्या, बटर पेपरवर. आधी ती वहीत उत्तर काढते, मग कागद उघडून बघते. उभ्या-आडव्या घड्या आता येतात, पट्टीचा प्रश्न तर तिने आजोबांना शिकवला. आरशात "जवळचं जवळच" मुळे वर-खालीचा गोंधळ गेला. लपलेल्या आकृतीत गाळलेली रेघ अजून फसवते.

दोन नव्या गोष्टी अडल्या. एक, घडीच्या कडेवर अर्धवर्तुळ कापलेलं असेल तर? तिने दोन अर्धवर्तुळं वेगवेगळी काढली. दोन, तिरपी घडी. ८ सेंमीच्या कागदाचा डावा वरचा कोपरा बरोबर मध्यबिंदूवर आणून ठेवलाय. त्या दुमडलेल्या भागात डावीकडून ३ सेंमी आणि वरून २ सेंमीवर छिद्र. ती जोडीदार छिद्र सरळ डावीकडे, त्याच उंचीवर काढते.

जुनाखडू

अर्धवर्तुळ घडीच्या रेघेवरच आहे, त्याचा आरसा त्याला चिकटूनच येतो. दोन अर्धी मिळून एक पूर्ण गोल. थर दोन असले तरी छिद्र एकच. दुप्पट करणाऱ्याचं इथेही चुकतं. पण आधी ती कड घडीची आहे की कागदाची मोकळी कड आहे ते तिने ओळखायला हवं. मोकळ्या कडेवरचं अर्धवर्तुळ अर्धंच राहतं.

तिरप्या घडीत तुमच्या मुलीने आरसा उभा धरला. आरसा घडीच्या रेघेवर आहे आणि ती रेघ तिरपी आहे, म्हणून छिद्रापासून रेघेवर काटकोनात जायचं आणि तेवढंच पलीकडे. तुमच्या कागदावर घडीची रेघ वरच्या कडेच्या मध्यापासून डाव्या कडेच्या मध्यापर्यंत जाते. तिच्यावर काटकोनात जाणारी वाट कोपऱ्याच्या दिशेने, डावीकडे आणि वर एकदम सरकते. ३ आणि २ चं छिद्र डावीकडून २ आणि वरून १ सेंमीवर पडेल. तिला गुण्या ठेवून काढू द्या.

नकाशावाला

गुण्या नसेल तर पोस्टकार्डाचा कोपरा चालतो. एक कड घडीच्या रेघेवर, दुसरी छिद्रावर.

अनघा_संगमनेर

पोस्टकार्डाने केलं. २ आणि १ वरच आलं. आता ती विचारतेय की कोपरा मध्यबिंदूवर न आणता थोडा अलीकडे ठेवला, आणि छिद्र एकेरी कागदावर पण दुमडलेल्या कोपऱ्याला अगदी खेटून पडलं, तर चित्रात थर किती हे ओळखायचं कसं? पुस्तकातल्या छपाईत घडीची तुटक रेघ आणि कोपऱ्याची कड एकमेकींवर आल्यात. फोटो उद्या टाकते.